सात चौक्या, सहा लाइनी



आजचा विषय गणिताचा आहे, पण सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

मी नवा लेफ्टनंट होतो. युद्धसराव चालू होता आणि सात चौक्या फील्ड टेलिफोनने एकमेकींना जोडायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक चौकीत छोटा स्विचबोर्ड होता. त्यामुळे एकीचा कॉल मधल्या चौकीतून पुढे देता यायचा आणि प्रत्येक जोडीत वेगळी लाइन टाकायची गरज नव्हती. केबल मोजकीच होती. हिशेब सोपा वाटला : सात चौक्या, म्हणजे सहा लाइनी पुरतात. जवानांनी रात्रभर खपून सहा लाइनी टाकल्या. पहाटे मी प्रत्येक लाइन दोन्ही टोकांनी तपासून घेतली. सहाच्या सहा चालू. मी रिपोर्ट दिला : "सर, सात चौक्या, सहा लाइनी, काम पूर्ण."

साहेबांनी एक नंबरच्या चौकीतून पाच नंबरची मागितली. लागली नाही. सहा मागितली, तीही नाही. लाइनी सगळ्या जिवंत होत्या, आकडा बरोबर होता, आणि तरी तीन चौक्या बाकीच्यांपासून तुटलेल्या होत्या. चार आणि पाचमध्ये टाकायची लाइन अंधारात एक आणि चारमध्ये पडली होती. साहेब फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू लाइनी मोजल्यास. जोडणी मोजली नाहीस."

या वाक्यामागचं गणित मला पुष्कळ वर्षांनी नीट समजलं. ते आज कागदावर मांडू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, सोबत आकृत्या काढता येतील.

आधी शब्द ठरवू. काही ठिपके घ्यायचे, त्यांना बिंदू म्हणू. काही बिंदूंच्या जोड्या रेषांनी जोडायच्या, त्या रेषांना कडा म्हणू. बिंदू आणि कडा मिळून झाला ग्राफ. रेषा वाकडी आहे की सरळ, लांब आहे की आखूड, याला इथे महत्त्व नाही. कोण कोणाशी जोडलं आहे, एवढंच पाहायचं. कोणत्याही बिंदूपासून कोणत्याही बिंदूपर्यंत कडांवरून जाता येत असेल, तर ग्राफ सलग आहे. एका बिंदूपासून निघून, कोणतीही कड दुसऱ्यांदा न वापरता आणि मधला कोणताही बिंदू दुसऱ्यांदा न गाठता परत तिथेच येता आलं, तर ते चक्र. आणि जो ग्राफ सलग आहे, पण ज्यात एकही चक्र नाही, त्याला झाड म्हणतात. झाडाला फांद्या फुटतात, पण फुटलेल्या फांद्या पुढे जाऊन पुन्हा एकमेकींना चिकटत नाहीत. हे नाव इंग्रज गणिती आर्थर केली यांनी १८५७ साली वापरलं. एकटा बिंदू, एकही कड नाही, हेसुद्धा झाडच धरतात. बिंदूंची संख्या मर्यादित आहे, असं आज सगळीकडे गृहीत आहे.

आता सिद्ध करायचं वाक्य असं : ग्राफ सलग आहे, त्यात n बिंदू आणि n − 1 कडा आहेत, तर तो झाड आहे. म्हणजे त्यात चक्र असूच शकत नाही.

पहिली अडचण इथेच येते. बरेच विद्यार्थी लिहितात : "झाडाला n − 1 कडा असतात. या ग्राफला n − 1 कडा आहेत. म्हणून हा झाड आहे." हे म्हणजे "घोड्याला चार पाय असतात, या टेबलाला चार पाय आहेत, म्हणून हे टेबल घोडा आहे" म्हणण्यासारखं झालं. पहिलं वाक्य खरं असलं तरी त्यातून उलट दिशेचं वाक्य आपोआप मिळत नाही. उलट दिशेला स्वतंत्र कारण द्यावं लागतं.

ते कारण शोधायला माझी ती रात्र पुन्हा जगू. सुरुवातीला एकही लाइन नाही. सात चौक्या, सातही एकट्या. म्हणजे सात तुकडे. तुकडा म्हणजे आतल्या आत एकमेकांशी बोलू शकणारा चौक्यांचा गट. आता एकेक लाइन टाकत जाऊ आणि प्रत्येक वेळी तुकडे किती उरले ते लिहू.

पहिली लाइन एक आणि दोनमध्ये. दोन तुकड्यांचा एक झाला, उरले सहा. दुसरी तीन आणि चारमध्ये, उरले पाच. तिसरी दोन आणि तीनमध्ये. एक-दोनचा तुकडा आणि तीन-चारचा तुकडा मिळून एक झाला, उरले चार. चौथी पाच आणि सहामध्ये, उरले तीन. पाचवी सहा आणि सातमध्ये, उरले दोन. एका तुकड्यात एक, दोन, तीन, चार. दुसऱ्यात पाच, सहा, सात. आता एकच लाइन हवी, या दोघांना जोडणारी. पण सहावी लाइन पडली एक आणि चारमध्ये. हे दोघे आधीच एका तुकड्यात होते. एकवरून दोन, दोनवरून तीन, तीनवरून चार, अशी वाट होतीच. तुकडे दोनच राहिले. आणि एक-दोन-तीन-चार-एक असं चक्र मात्र तयार झालं.

सगळी सिद्धता या उदाहरणात बसलेली आहे. फक्त ती शब्दांत बाहेर काढायची.

नवी कड टाकताना दोनच शक्यता असतात. एक, तिची दोन टोकं वेगवेगळ्या तुकड्यांत आहेत. मग ते दोन तुकडे एक होतात, तुकड्यांची संख्या बरोबर एकने घटते. अशा कडेला आपण जोडणारी कड म्हणू. दोन, तिची दोन्ही टोकं एकाच तुकड्यात आहेत. मग तुकड्यांची संख्या तशीच राहते, आणि टोकांमध्ये आधीची वाट असल्यामुळे, ती वाट आणि ही कड मिळून चक्र होतं. अशा कडेला वाढीव कड म्हणू. तिसरी शक्यता नाही.

आता ग्राफमध्ये n बिंदू, m कडा आणि शेवटी c तुकडे आहेत असं धरा. सुरुवात n तुकड्यांपासून झाली आणि शेवट c वर. प्रत्येक जोडणारी कड एकच तुकडा कमी करते, म्हणून जोडणाऱ्या कडा बरोबर n − c. उरलेल्या सगळ्या वाढीव. म्हणजे

वाढीव कडांची संख्या = m − n + c

याच सूत्रावर आजचं सगळं व्याख्यान उभं आहे. यातली एक गोष्ट लक्ष देऊन पाहा. कडा आपण कोणत्या क्रमाने टाकल्या, यावर कोणती कड वाढीव ठरते ते अवलंबून असेल. माझ्या उदाहरणात एक-चारची लाइन आधी पडली असती, तर दोन-तीनची किंवा दुसरी एखादी वाढीव ठरली असती. पण एकूण वाढीव किती, हे क्रमावर अवलंबून नाही. कारण उजव्या बाजूला क्रमाचा उल्लेखच नाही.

अजून एक दुवा बसवायचा आहे : वाढीव कड एकही नसेल, तर ग्राफमध्ये चक्र नसतंच. समजा, एक चक्र आहे. त्या चक्रातली सगळ्यात शेवटी टाकलेली कड पकडा. ती टाकायच्या आधी चक्रातल्या बाकीच्या सगळ्या कडा पडलेल्या होत्या, म्हणजे तिच्या दोन टोकांमध्ये वाट आधीच तयार होती. मग ती कड वाढीवच ठरते. म्हणजे चक्र असेल तर निदान एक वाढीव कड आहे. आणि वाढीव कड असेल तर चक्र आहे, हे आपण आधीच पाहिलं. तेव्हा "वाढीव कडा शून्य" आणि "चक्र नाही" ही एकाच गोष्टीची दोन नावं झाली.

आता मूळ वाक्य एका ओळीत संपतं. ग्राफ सलग आहे, म्हणजे c = 1. कडा m = n − 1. वाढीव कडा (n − 1) − n + 1, म्हणजे शून्य. म्हणून चक्र नाही. सलग आणि बिनचक्र, म्हणजे झाड. सिद्ध झालं.

याच सूत्रातून आणखी दोन वाक्यं फुकट मिळतात. ग्राफ झाड असेल, तर c = 1 आणि वाढीव कडा शून्य, म्हणून m = n − 1. आणि ग्राफमध्ये चक्र नसेल आणि m = n − 1 असेल, तर शून्य = −1 + c, म्हणून c = 1, म्हणजे तो सलगच आहे. थोडक्यात तीन गुण आहेत : सलग असणं, बिनचक्र असणं, आणि कडा n − 1 असणं. यांतले कोणतेही दोन मिळाले की तिसरा आपोआप मिळतो. एकच मिळाला तर काहीच हमी नाही. माझ्याकडे त्या पहाटे फक्त तिसरा गुण होता, आकडा. त्या आकड्याच्या आड दोन दोष दडले होते, एक तुकडा जास्त आणि एक कड वाढीव, आणि बेरजेत ते एकमेकांना खाऊन टाकत होते. सगळ्यात लहान उदाहरण हवं असेल, तर एक त्रिकोण काढा आणि बाजूला एक सुटा ठिपका ठेवा. चार बिंदू, तीन कडा, आणि झाड मुळीच नाही.

हीच गोष्ट विगमनानेही सिद्ध करतात, आणि तिथे एक चूक इतक्या वेळा दिसते की ती सांगायलाच हवी. विद्यार्थी लिहितो : "n बिंदूंच्या ग्राफसाठी विधान खरं मानू. आता त्याला एक नवा बिंदू आणि एक नवी कड जोडू. नवा ग्राफही झाड आहे. झालं." झालं नाही. त्याने फक्त स्वतः बांधलेल्या ग्राफबद्दल सांगितलं. विधान प्रत्येक सलग ग्राफबद्दल आहे. मी तुमच्या हातात n + 1 बिंदू आणि n कडांचा कोणताही सलग ग्राफ दिला, तर तो असाच एक बिंदू चिकटवून बनला होता, हे कोणी दाखवलं?

म्हणून उलटीकडून यायचं. मोठा ग्राफ हातात घ्यायचा आणि त्यातला एक बिंदू काढायचा. पण कोणताही काढून चालणार नाही, मधला काढला तर ग्राफ तुटेल. ज्याला एकच कड लागली आहे असा बिंदू हवा, त्याला पान म्हणतात. पान असतंच का? प्रत्येक बिंदूला किती कडा लागल्या आहेत, ते मोजा आणि बेरीज करा. प्रत्येक कड दोन टोकांना मोजली जाते, म्हणून बेरीज 2(n − 1), म्हणजे 2n − 2. जर प्रत्येक बिंदूला निदान दोन कडा असत्या, तर बेरीज निदान 2n झाली असती. तेवढी नाही. म्हणून एखाद्या बिंदूला दोनपेक्षा कमी कडा आहेत. शून्य असू शकत नाहीत, कारण बिंदू दोन किंवा जास्त आहेत आणि ग्राफ सलग आहे. म्हणजे बरोबर एक. मिळालं पान. पान तोडलं तर बाकीचे बिंदू जोडलेलेच राहतात, कारण इतरांच्या वाटा पानावरून जातच नव्हत्या, तिथून पुढे जायला रस्ताच नाही. उरले n − 1 बिंदू, n − 2 कडा, ग्राफ सलग. विगमनाने तो झाड. पान परत चिकटवा, त्याला एकच कड असल्याने ते कोणत्याही चक्रात येऊ शकत नाही. आता खरंच झालं. यात "सलग" हा शब्द दोनदा कामाला आला, हे लक्षात घ्या. सिद्धतेत दिलेली अट कुठेच वापरली गेली नसेल, तर समजा की सिद्धता कुठेतरी फुटलेली आहे.

झाडाच्या आणखी तीन ओळखी आहेत. सिग्नलच्या माणसाला त्या लगेच कळतात.

पहिली : कोणत्याही दोन बिंदूंमध्ये वाट असते आणि ती एकच असते. सलग आहे म्हणून वाट आहे. दोन वेगळ्या वाटा असत्या, तर त्या कुठेतरी पहिल्यांदा फुटतात आणि पुढे कुठेतरी पहिल्यांदा परत भेटतात. फुटल्यापासून भेटेपर्यंतचे दोन भाग मिळून चक्र होतं, आणि झाडात चक्र नाही. उलट, प्रत्येक जोडीत एकच वाट असेल तर ग्राफ सलग आहेच, आणि चक्र असतं तर त्यावरच्या दोन बिंदूंमध्ये दोन बाजूंनी दोन वाटा असत्या.

दुसरी : ग्राफ सलग आहे, पण कोणतीही एक कड काढली की तुटतो. वाट एकच असल्यामुळे, कड काढली की तिच्या दोन टोकांची वाट गेली. उलट बाजूने, चक्र असतं तर त्यातली एक कड काढूनही ग्राफ तुटला नसता, कारण चक्राच्या दुसऱ्या बाजूने वळसा घालता येतो.

तिसरी : चक्र नाही, पण न जोडलेल्या कोणत्याही दोन बिंदूंमध्ये एक कड टाकली की चक्र होतं. सलग आहे म्हणून नवी कड नेहमी वाढीवच ठरते. उलट, ग्राफ सलग नसता, तर दोन तुकड्यांमध्ये कड टाकूनही चक्र झालं नसतं.

दुसरी ओळख दोनदा वाचा. झाड म्हणजे सगळ्यात स्वस्त जोडणी, आणि तितकीच नाजूकही. एक केबल कोणाच्या गाडीखाली तुटली की जाळं दोन तुकड्यांत. म्हणून केबल पुरत असेल तेव्हा आम्ही मुद्दाम वाढीव लाइनी टाकायचो. वाढीव कड गणितात चक्र बनवते, पण चौकीवर ती राखीव वाट असते. दोष होता तो वाढीव लाइन असण्यात नव्हता. ती जोडणाऱ्या लाइनीच्या जागी मोजली गेली, हा दोष होता.

शेवटचं उदाहरण तुमच्या स्वयंपाकघरातलं आहे. सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेनचं सूत्र C₃H₈. रेणूतला प्रत्येक अणू हा बिंदू आणि दोन अणूंमधला बंध ही कड. कार्बनला चार बंध, हायड्रोजनला एक. तीन कार्बनचे बारा, आठ हायड्रोजनचे आठ, बेरीज वीस. प्रत्येक बंध दोनदा मोजला गेला, म्हणून बंध दहा. अणू अकरा. रेणू म्हटला की तो सलग असतोच. अकरा बिंदू, दहा कडा, सलग : म्हणजे झाड. रेणूची आकृती न काढता, फक्त सूत्र पाहून आपण सांगितलं की प्रोपेनमध्ये कड्याचा आकार असू शकत नाही, आणि दुहेरी बंधही नाही, कारण त्याच दोन अणूंमधला दुसरा बंध ही वाढीव कडच झाली.

ब्युटेन C₄H₁₀ मध्ये चौदा अणू आणि तेरा बंध. पुन्हा झाड. पण आता दोन वेगळी झाडं शक्य आहेत : चार कार्बन एका रांगेत, किंवा मधल्या एका कार्बनला बाकीचे तीन. पहिलं नॉर्मल ब्युटेन, दुसरं आयसोब्युटेन, आणि दोन्ही खरंच असतात. अशी झाडं मोजायचं काम केली यांनीच १८७० च्या दशकात हाती घेतलं होतं. k कार्बन आणि 2k + 2 हायड्रोजन असतील, तर अणू 3k + 2 आणि बंध 3k + 1. या घराण्यातला प्रत्येक रेणू झाडच.

आणि बेंझीन, C₆H₆? बारा अणू. बंध चोवीस अधिक सहाचे अर्धे, म्हणजे पंधरा. वाढीव कडा 15 − 12 + 1, म्हणजे चार. पुस्तकातली आकृती आठवा : एक कडं आणि तीन दुहेरी बंध. बरोबर चार. इथे सूत्राची मर्यादाही कळते. ते सांगतं की वाढीव बंध चार आहेत, पण त्यांतली कडी किती आणि दुहेरी बंध किती, हे सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतच जावं लागतं.

तुमच्यासाठी एक प्रश्न ठेवतो. सलग ग्राफमध्ये n बिंदू आणि बरोबर n कडा असतील, तर त्यात चक्रं किती? एक, की जास्तही असू शकतात? वाढीव कडांच्या सूत्रापासून सुरुवात करा आणि ती एक वाढीव कड सगळ्यात शेवटी टाकून पाहा. झाडाची पहिली ओळख तिथे उपयोगी पडेल.

आणि त्या पहाटेचं म्हणाल, तर एक-चारची लाइन उचलून चार-पाचमध्ये टाकायला दोन तास लागले. तेव्हापासून लाइनी मोजायच्या आधी मी एक नंबरच्या चौकीत बसून बाकी सगळ्या चौक्यांना फोन लावायचो. सगळे बोलले, की ग्राफ सलग. मग लाइनी मोजायच्या. दोन्ही बरोबर आले, तरच रिपोर्ट.